वाक्य खरंच कळलं का? राज्यघटनेतल्या एका वाक्यावर करून पाहूया

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 चा दुसरा खंड म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. सरकारी मराठीच्या वळणाने मांडलं तर ते साधारण असं होतं:

"अटक करण्यात आलेल्या व हवालतीत ठेवण्यात आलेल्या प्रत्येक व्यक्तीस, अटकेच्या ठिकाणापासून दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयापर्यंतच्या प्रवासास आवश्यक असलेला वेळ वगळून, अशा अटकेपासून चोवीस तासांच्या आत सर्वांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्यात येईल, आणि अशा कोणत्याही व्यक्तीस दंडाधिकाऱ्याच्या प्राधिकाराविना उक्त कालावधीपलीकडे हवालतीत ठेवण्यात येणार नाही."

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी राज्यघटना शिकवते. हे वाक्य वाचून झालं की "कळलं का?" असं विचारायचं मी सोडून दिलं आहे. या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. वाक्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या ओळखीचा असतो, आणि ओळखीचे शब्द वाचताना कुठेच अडखळायला होत नाही. न अडखळता वाचता आलं, की कळल्यासारखं वाटतं. म्हणून मी सांगते, पुस्तक मिटा आणि घरच्या कुणाला तरी सांगायचं आहे असं समजून हेच वाक्य आपल्या शब्दांत लिहा.

पुस्तक मिटायला सांगण्यामागे कारण आहे. वाक्य समोर उघडं असलं की हात आपोआप त्यातलेच शब्द उचलतो. "हवालतीत"ऐवजी "कोठडीत", "वगळून"ऐवजी "सोडून", "उक्त"ऐवजी "सदर" असं एकेक शब्द बदलत गेलं की वाक्य नवं दिसतं, पण त्याचा सांगाडा तोच राहतो. एका मुलीने असंच लिहिलं होतं: "पकडलेल्या आणि कोठडीत टाकलेल्या प्रत्येक माणसाला, पकडलेल्या जागेपासून कोर्टापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ सोडून, एका दिवसाच्या आत..." तिच्या वहीत चूक काढायला जागा नव्हती. मी तिला विचारलं, "सोडून म्हणजे काय गं? प्रवासाला लागलेला वेळ चोवीस तासांत धरायचा की त्यावर वाढवून द्यायचा?" ती थांबली आणि म्हणाली, "ताई, ते मी बघितलंच नाही." शब्द बदलले होते, पण ते न बघताही बदलता येतात.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1966 साली विज्ञान शिक्षकांपुढे केलेल्या भाषणात हीच कसोटी सुचवली होती. जो नवा शब्द शिकलात तो न वापरता, शिकलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगून बघा. जमलं नाही, तर फक्त शब्दाची व्याख्या पदरात पडली आहे असं समजा. त्यांच्यापुढे विज्ञानाची पाठ्यपुस्तकं होती. कायद्याच्या वाक्याला ही कसोटी मला जास्तच लागू पडते असं वाटतं, कारण तिथे एखादी अट गळली तर उत्तर अगदी उलटं येऊ शकतं.

आधी क्रियापदं शोधायची

लांब वाक्य डावीकडून उजवीकडे सोपं करत जायचं नाही. आधी त्यातली मुख्य क्रियापदं शोधायची. इथे ती दोन आहेत, "हजर करण्यात येईल" आणि "ठेवण्यात येणार नाही". म्हणजे या एका वाक्यात दोन हुकूम आहेत. पहिला काहीतरी करायला लावतो, दुसरा काहीतरी करायला मनाई करतो. बाकीचे सगळे शब्द या दोन खुंट्यांना टांगलेले आहेत, आणि कोणता शब्द कोणत्या खुंटीचा हे ठरवायचं आहे.

मग दोन्ही क्रियापदांना विचारायचं: कुणी? "हजर करण्यात येईल" या रचनेत करणारा गायब आहे. सरकारी मराठीची ही जुनी सवय. आपल्या शब्दांत सांगताना मात्र करणारा आणावाच लागतो, कारण आपण घरी "पोलिसांकडून त्याला हजर करण्यात आलं" असं बोलत नाही, "पोलिसांनी त्याला हजर केलं" असंच बोलतो. तेव्हा इथे करणारा कोण? ज्याने अटक केली आणि ज्याच्या ताब्यात माणूस आहे, तो. बहुतेक वेळा पोलीस. पण वाक्यात पोलीस हा शब्दच नाही हे इथे पहिल्यांदा लक्षात येतं. कस्टम्सच्या किंवा ईडीच्या अधिकाऱ्याने अटक केली तरी हेच बंधन त्याच्यावर येतं. "पोलिसांनी" असं लिहून मोकळं झालं, तर आपण वाक्य न सांगता वाक्याचा एक तुकडा सांगितला.

त्यानंतर विचारायचं: कुणाला? "अटक करण्यात आलेल्या व हवालतीत ठेवण्यात आलेल्या." यातला "व" बहुतेकांच्या वहीतून गळतो. मुलं लिहितात, "ज्याला अटक झाली त्याला." आता समजा, जामीनपात्र गुन्ह्यात एकाला संध्याकाळी पाच वाजता अटक झाली आणि साताला पोलीस ठाण्यातूनच जामिनावर सोडलं. त्याला दुसऱ्या दिवशी पाचच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं होतं का? "ज्याला अटक झाली त्याला" हे सोपं रूप म्हणतं, हो. मूळ वाक्य म्हणतं, नाही, कारण तो कोठडीत नाही. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच हा हुकूम लागू होतो.

कसोटीची खरी रीत हीच आहे. आपण केलेलं सोपं वाक्य मूळ वाक्याशेजारी ठेवून नुसतं वाचलं तर दोन्ही सारखीच वाटतात. एखादा प्रसंग कल्पून तो दोन्ही वाक्यांना घालायचा आणि दोन्हींकडून उत्तर मागायचं. उत्तर वेगळं आलं की गळती नेमकी कुठे आहे ते तिथल्या तिथे सापडतं.

चार वह्या

या वाक्याची मुलं जी सोपी रूपं करतात ती फिरून फिरून त्याच त्या चार वळणांवर येतात.

पहिलं रूप: "पोलीस कुणालाही चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू शकत नाहीत, सोडावंच लागतं." हे सगळ्यांत जास्त लिहिलं जातं आणि बोलण्यातही हेच असतं. इथे पहिला हुकूम पूर्ण गायब आहे आणि दुसऱ्यातली अट गायब आहे. चोवीस तास संपले म्हणून कुणी आपोआप सुटत नाही. त्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं असतं, आणि पुढे ठेवायचं की सोडायचं हे दंडाधिकारी ठरवतो. त्याने पोलीस कोठडी दिली तर माणूस पुढेही पोलिसांच्याच ताब्यात राहतो. घरचा माणूस अटकेत असताना चोवीस तास मोजत बसलेल्या आईवडिलांना हा फरक ठाऊक असणं फार गरजेचं आहे. ज्या वेळी त्यांनी वकील घेऊन कोर्टात असायला हवं, त्या वेळी ते ठाण्याच्या दारात सुटकेची वाट पाहत थांबतात.

दुसरं रूप: "पोलिसांना आरोपीला चोवीस तास ठेवण्याचा अधिकार आहे." ऐकायला हे पहिल्यापेक्षा बरं वाटतं, पण यात वाक्याची दिशाच फिरली आहे. मूळ वाक्य कुणाला काही देत नाही, ते मर्यादा घालतं. "चोवीस तासांच्या आत" याचा अर्थ दहा तासांत हजर करणं शक्य असताना चोविसावा तास उजाडेपर्यंत थांबण्याची मुभा असा होत नाही. वाक्यात एवढं उघड लिहिलेलं नाही हे खरं, पण फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात ते आहे. पूर्वीच्या संहितेचं कलम 57, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 58, आधी म्हणतं की विनावॉरंट पकडलेल्या माणसाला त्या प्रकरणाची परिस्थिती पाहता वाजवी असेल त्याहून जास्त वेळ ठेवायचं नाही, आणि मग म्हणतं की हा वेळ कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या वर जाता कामा नये. म्हणजे खरी मर्यादा "वाजवी वेळ" ही आहे, आणि चोवीस तास हे तिच्या पलीकडचं शेवटचं टोक आहे.

तिसरं रूप: "चोवीस तासांत कोर्टात उभं करावं लागतं, मग न्यायाधीश ठरवतात." हे बरंच जवळ आहे. परीक्षेत चालेल, घरी सांगायलाही चालेल. यातून प्रवासाचा वेळ आणि "सर्वांत जवळच्या" हे दोन तुकडे गळले आहेत.

चौथं रूप म्हणजे त्या मुलीने केलं तसं, ज्यात काहीच गळलेलं नाही आणि काहीच उलगडलेलंही नाही. चौघांत मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते. पहिल्या तीन रूपांमधली चूक दिसते, दाखवता येते, सुधारता येते. चौथं रूप बरोबर दिसतं म्हणून पुढे सरकतं, आणि आपल्याला कळलेलं नाही हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. ते उघडं पाडायला प्रसंगच घालावा लागतो.

शनिवारी रात्री नऊ वाजता

म्हणून हा प्रसंग घेऊ. एका दुर्गम गावातून शनिवारी रात्री नऊ वाजता एकाला अटक झाली. सर्वांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याचं कोर्ट तिथून गाडीने तीन तासांवर आहे. दुसरा दिवस रविवार, कोर्टाला सुट्टी. त्याला उशिरात उशिरा कधी हजर करायचं?

वर्गात दोन उत्तरं येतात. काही जण म्हणतात, "रविवारी रात्री नऊ." काही म्हणतात, "सोमवारी अकराला कोर्ट उघडेल तेव्हा. रविवारी कोर्टच बंद आहे तर नेणार कुठे?"

मूळ वाक्याकडे जाऊ. त्यात चोवीस तासांतून एकच गोष्ट वगळली आहे, प्रवासाला आवश्यक असलेला वेळ. चोवीस तास रविवारी रात्री नऊला संपतात, त्यात प्रवासाचे तीन तास वाढवायचे, म्हणजे रविवारी रात्री बारा. सोमवारचं उत्तर देणाऱ्यांनी वाक्यात नसलेली सुट्टी स्वतःच्या मनाने आत आणली. वाक्य लिहिणाऱ्यांना सुट्टी वगळायची असती तर प्रवासाशेजारी तीही लिहिता आली असती. एक अपवाद नाव घेऊन लिहिला आहे याचाच अर्थ न लिहिलेले अपवाद मिळणार नाहीत. प्रत्यक्षातही तसंच चालतं. सुट्टीच्या दिवशी रिमांडच्या कामासाठी दंडाधिकाऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात, आणि गरज पडली तर आरोपीला त्यांच्या निवासस्थानीही हजर केलं जातं.

आता या प्रसंगात थोडा बदल करू. वाटेत पोलिसांची गाडी जेवणासाठी दीड तास थांबली. हा दीड तास वाढवून मिळेल का? इथे "आवश्यक" या शब्दावर बोट ठेवायचं. सोपं करताना मी स्वतः "प्रवासाला लागणारा वेळ" असं सहज लिहून जाईन, आणि तसं लिहिलं तर जेवणाचा दीड तासही आत येतो, कारण तो लागलाच होता. "प्रवासाला लागणं भागच आहे तेवढा वेळ" असं लिहिलं तर येत नाही. एखादा शब्द खरोखर कामाचा आहे का हे पाहायचं असेल तर तो काढून बघायचा आणि एखाद्या प्रसंगाचं उत्तर बदलतं का ते तपासायचं. उत्तर बदललं तर तो शब्द, किंवा त्याचं काम करणारा दुसरा शब्द, आपल्या सोप्या वाक्यात असलाच पाहिजे. कोणत्याच प्रसंगात बदललं नाही तर तो खुशाल गाळावा. "उक्त" आणि "अशा" हे शब्द असेच गाळता येतात, फक्त ते कशाकडे बोट दाखवतात ते ओळखलेलं असलं म्हणजे झालं.

दुसरा हुकूम म्हणजे पहिल्याची पुनरुक्ती?

हे वाक्य सोपं करताना जवळजवळ प्रत्येक जण दुसरा अर्धा भाग खाऊन टाकतो. विचारलं तर म्हणतात, "ताई, ते तेच परत सांगितलंय ना." चोवीस तासांत हजर करा, चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ऐकायला एकच गोष्ट आहे खरी.

मग असा प्रसंग घालायचा. पोलिसांनी माणसाला विसाव्या तासाला दंडाधिकाऱ्यापुढे नेलं. पहिला हुकूम पाळला गेला. दंडाधिकाऱ्याने कागद पाहिले, पण कोठडीचा कोणताच आदेश दिला नाही. पोलीस त्याला परत घेऊन गेले आणि तिसाव्या तासालाही तो कोठडीतच आहे. कुठला नियम मोडला?

फक्त पहिला हुकूम असता तर एकही मोडला नसता, कारण हजर करायचं काम झालेलं होतं. दुसरा हुकूम इथे आडवा येतो. दंडाधिकाऱ्याने ठेवा म्हणून सांगितलेलं नाही, म्हणजे चोवीस तासांची मर्यादा ओलांडली की ती कोठडी बेकायदा झाली. नुसतं तोंड दाखवून आणणं पुरत नाही, ठेवण्याला त्याची परवानगी लागते. ही दुसरी ओळ वाक्यात नसती तर दंडाधिकाऱ्यापुढे नेणं हा निव्वळ उपचार होऊ शकला असता.

या उलगड्यानंतर वर्गात बहुतेक वेळा कुणीतरी विचारतं, "मग परवानगी किती दिवसांची?" हा प्रश्न आला की मला समाधान वाटतं, कारण ज्याला दुसरा हुकूम खरंच कळला आहे त्यालाच तो पडतो. उत्तर या वाक्यात नाही, फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. पोलीस कोठडी सगळी मिळून पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. त्यानंतर न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. आणि तपास गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत पुरा झाला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

हा खंड घटनेत का आला हे सांगितलं की दुसरा हुकूम आणखी पक्का बसतो. घटना समितीत जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावरून, म्हणजे आजच्या अनुच्छेद 21 वरून, मोठा वाद झाला होता, आणि कायदा योग्य आहे का हे कोर्टाने तपासण्याची वाट त्यातून वगळली गेली होती. अनेक सदस्य नाराज होते. 15 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा नवा अनुच्छेद मांडला, तो त्या उणिवेची भरपाई म्हणून. अशा तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्याच, हे त्यांनीही मान्य केलं. पण साधा कायदा विधिमंडळ बदलू शकतं, आणि मूलभूत हक्कात घातल्यावर तो हात पोचत नाही. तेव्हा या वाक्यातला "प्रत्येक व्यक्तीस" हा शब्द आणि मागचं "येणार नाही" हे दोन्ही विचारपूर्वक लिहिलेले आहेत. "नागरिकास" असं त्यात नाही. परदेशी माणसालाही ही हमी आहे.

कोणता शब्द बदलू नये

सोपं करण्याच्या भरात काही शब्द असे बदलले जातात की अर्थ फुगतो किंवा आक्रसतो. "दंडाधिकारी" हा शब्द मुलांना जड वाटतो म्हणून कुणी "मोठा अधिकारी" लिहितं, कुणी "साहेब". मोठा अधिकारी म्हटलं तर पोलीस अधीक्षकही चालतील, आणि तसं झालं तर सगळ्या तरतुदीचं कारणच संपलं. अटक करणाऱ्याच्या खात्याबाहेरच्या, न्यायदानाचं काम करणाऱ्या माणसाने मध्ये येऊन कागद बघावेत आणि आरोपीलाही डोळ्यांनी बघावं, मारहाण झाली आहे का ते विचारावं, यासाठी हे आहे. बिहारमधल्या भागलपूरला पोलिसांनी ताब्यातल्या आरोपींचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हजर करण्याचा हा नियम काटेकोर पाळला पाहिजे असं बजावलं, ते याच कारणाने. तेव्हा "दंडाधिकारी" हा शब्द ठेवून त्याच्यापुढे "म्हणजे पोलिसांच्या हाताखाली नसलेला, कोर्टात बसणारा न्यायाधीश" एवढं जोडणं बरं. वाक्य लांबेल, लांबू द्यावं. सोपं म्हणजे आखूड असा गैरसमज शाळेतल्या सारांशलेखनाने करून दिला आहे. सारांशात काही गोष्टी मुद्दाम सोडायच्या असतात. इथे काही सोडायचं नाही, फक्त उलगडायचं आहे.

माझ्या वर्गात घासूनपुसून जे रूप शेवटी उरलं ते असं आहे:

"एखाद्याला अटक करून कोठडीत ठेवलं असेल, तर ज्यांनी ठेवलं त्यांनी त्याला चोवीस तासांच्या आत सगळ्यांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे पोलिसांच्या हाताखाली नसलेल्या कोर्टातल्या न्यायाधीशापुढे, उभं केलंच पाहिजे. पकडल्या जागेपासून कोर्टापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागणं भागच आहे, तेवढाच वर मिळेल. त्या दंडाधिकाऱ्याने ठेवायला सांगितलं नाही, तर एवढ्या वेळानंतर त्याला ठेवता येणार नाही."

तीन वाक्यं झाली. जामिनावर सुटलेला, शनिवारची रात्र, जेवणाचा थांबा आणि तिसावा तास, हे चारही प्रसंग घालून पाहिले तर मूळ वाक्य देतं तेच उत्तर ही तीन वाक्यंही देतात.

एवढं करूनही काय कळत नाही

इथे या रीतीची हद्द सांगितली पाहिजे. सोपं करून सांगता आलं म्हणजे ते एक वाक्य कळलं. त्याचे शेजारी कळले असं नाही.

आपल्याकडे वर्तमानपत्रात "सराईत गुन्हेगारावर एमपीडीएखाली कारवाई, वर्षभरासाठी स्थानबद्ध" अशा बातम्या नेहमी येतात. एमपीडीए हा महाराष्ट्राचा 1981 चा कायदा, आणि त्यातली स्थानबद्धता गुन्ह्याची शिक्षा म्हणून नसते, पुढे काही करू नये म्हणून आधीच अडकवून ठेवण्यासाठी असते. वरची तीन वाक्यं तोंडपाठ असलेल्या मुलाला विचारा, अशा माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे का? तो ठामपणे "हो" म्हणेल आणि चुकेल. याच अनुच्छेदाचा तिसरा खंड म्हणतो की शत्रुदेशाचा नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेला माणूस यांना पहिला आणि दुसरा खंड लागू नाही. अशा स्थानबद्ध माणसाची वाट चौथ्या खंडात वेगळी आहे, तिथे तीन महिन्यांची मर्यादा आणि सल्लागार मंडळ येतं. मूळ वाक्यात "प्रत्येक व्यक्तीस" असं लिहिलं आहे आणि आपण ते प्रामाणिकपणे "एखाद्याला अटक करून कोठडीत ठेवलं असेल, तर" असं सांगितलं, यात चूक कुठेच नाही. अपवाद पुढच्या खंडात आहे, आणि तो पुढचा खंड वाचल्याशिवाय सापडत नाही. म्हणून सोपं करून झालं की आणखी एक प्रश्न विचारायचा: याच्या आगेमागे "वरील तरतूद अमुकला लागू होणार नाही" असं काही आहे का?

दुसरी हद्द आणखी खोल आहे. आपण "अटक" हा शब्द तसाच ठेवला, कारण तो सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चाललो. घड्याळ मात्र तिथूनच सुरू होतं. एखाद्याला सकाळी दहा वाजता चौकशीला म्हणून ठाण्यात बसवून ठेवलं, उठू दिलं नाही, फोन काढून घेतला, आणि अटकेची नोंद रात्री अकराला झाली. चोवीस तास दहापासून मोजायचे की अकरापासून? मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे: माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन आलं तेव्हापासून अटक सुरू होते, अधिकाऱ्याने कागदावर वेळ लिहिली तेव्हापासून नव्हे. हे ज्याला माहीत नाही त्याचं सोपं वाक्य अक्षरशः बरोबर असेल आणि तरी पोलीस ठाण्यात उभं राहून त्याला तेरा तास चुकीचे मोजता येतील.

ओळखीचा शब्द तसाच पुढे नेला की तो तपासला जात नाही, हा या रीतीचा खरा धोका आहे. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे, सोप्या वाक्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला "कधीपासून?", "कुठवर?" आणि "कोण ठरवणार?" हे तीन प्रश्न विचारायचे. "कोठडीत" या शब्दाला विचारलं तर उत्तर पटकन येतं. "अटक" या शब्दाला "कधीपासून?" विचारलं की वर्ग गप्प होतो, आणि तिथे पुस्तक उघडावं लागतं.

ज्यांना स्वतः करून पाहायचं आहे त्यांनी याच अनुच्छेदाचा पहिला खंड घ्यावा. तो म्हणतो की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर कळवल्याशिवाय कोठडीत ठेवता येणार नाही, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क त्याला नाकारता येणार नाही. सोपं करून झालं की त्याला हा प्रसंग घाला: पोलीस ठाण्यात हवालदाराने नुसतं "तुला चोरीच्या केसमध्ये घेतलंय" असं सांगितलं. कारणं कळवली असं म्हणायचं का? तोंडी सांगून चालेल का? 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनी लाँडरिंगच्या एका प्रकरणात, ईडीने अटकेची कारणं लेखी दिलीच पाहिजेत असं सांगितलं. तुमच्या सोप्या वाक्यात "सांगितलं पाहिजे" असं क्रियापद आलं असेल तर ते बदलून "कळलं पाहिजे" असं करून बघा, आणि वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात इंग्रजीतला कागद दिला तर काय होईल, ते दोन्ही वाक्यांना विचारा.